४.१ फॅटचं प्रकरण: ‘यात कोणी काय केलं?’ या प्रश्नाचं उत्तर कसं तयार झालं

एका सहकारी दूध संघाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळायची. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध घातलं जातं, तिथलं यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ, मोजतं, दरपत्रकातला दर लावून शेतकऱ्याच्या हातात पावती देतं. तेच आकडे संघाकडे येतात, तिथे आमचं सॉफ्टवेअर पुन्हा दर काढतं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. पावत्यांची बेरीज आणि बिल यांचा मेळ बसायला हवा. काही संस्थांमध्ये तो बसत नव्हता. फरक माणशी चार-दहा रुपयांचा, त्यामुळे बरेच दिवस तो ‘राउंडिंगचा असेल’ म्हणून सोडून दिला जात होता.

शेवटी कारण सापडलं, दुरुस्ती झाली, मागच्या बिलांतला फरकही सभासदांच्या खात्यावर जमा झाला. त्यानंतर आमच्या डिलिव्हरी हेडनी टीममधल्या डेव्हलपर मुलाला जिन्यात गाठून विचारलं, “हे कोणी केलं?” तो म्हणाला, “सर, टीमने केलं.” त्यावर ते म्हणाले, “टीम म्हणजे कोण? कोणी कुठला भाग केला ते संध्याकाळपर्यंत चार ओळीत लिहून पाठव.” मी तेव्हा त्या टीमची लीड होते. तो मसुदा घेऊन माझ्याकडे आला आणि त्या चार ओळी ठरवायला आम्हाला दुपार लागली. त्या दुपारी काय झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं तरी नेमकं काय लिहायचं हे आपोआप कळत नाही, हे मला त्यात स्पष्ट दिसलं.

आधी काम काय होतं ते समजून घ्यायला हवं. त्याशिवाय श्रेयाची वाटणी कळणार नाही.

चूक काय होती

दरपत्रकात फॅट ०.१ ने वाढलं की दर एका पॉइंटने वाढतो. या संघाच्या दरपत्रकात एका पॉइंटला ३० पैसे होते. आमच्या कोडमध्ये फॅटला १०० ने गुणून, अपूर्णांक उडवून पूर्णांक काढला जायचा आणि त्या आकड्याची ओळ तक्त्यात शोधली जायची. ४.० साठी ४००, ४.१ साठी ४१०, असं. एसएनएफचंही तसंच. नेमका आकडा नसेल तर त्याच्या लगतची खालची ओळ घेतली जायची. कागदावर यात काही वावगं नाही. पण संगणक ४.१ हा आकडा नेमका साठवू शकत नाही, किंचित कमी साठवतो, आणि पायथनमध्ये असं होतं:

```python
int(4.1 * 100)    # 409
round(4.1 * 100)  # 410
int(8.2 * 100)    # 819
```

म्हणजे ४.१ फॅटचं दूध ४०९ ठरून ४.० च्या ओळीत जायचं आणि लिटरमागे ३० पैसे कमी मिळायचे. ११ लिटर दूध घालणाऱ्याला त्या वेळेपुरता ३ रुपये ३० पैशांचा फटका. हे सगळ्याच आकड्यांना होत नाही, हीच यातली मेख. फॅटमध्ये ४.१ आणि ४.६ ला होतं, ४.२ किंवा ४.५ ला होत नाही. एसएनएफमध्ये ८.२ आणि ८.७ ला होतं, ८.३ किंवा ८.५ ला होत नाही. दूध संस्थेतलं यंत्र आपला हिशोब वेगळ्या पद्धतीने करत होतं, म्हणून पावती बरोबर आणि बिल चुकीचं.

दुरुस्ती एका ओळीची होती: `int` च्या जागी `round`. मागच्या बिलांचा फरक काढणं मात्र मोठं काम होतं. मधल्या काळात दरपत्रक बदललं होतं, त्यामुळे प्रत्येक संकलनाला त्या तारखेचाच तक्ता लावायला हवा होता. शिवाय काही सभासदांनी आधीच तक्रार करून संघाच्या हिशोब विभागाकडून हाताने दुरुस्ती करून घेतली होती. त्यांना वगळलं नसतं तर त्यांना दोनदा पैसे गेले असते.

पहिले दोन मसुदे

मुलाने आणलेला पहिला मसुदा असा होता: “बिलातल्या फरकाचं कारण मी शोधलं आणि दुरुस्त केलं. सपोर्ट आणि टेस्टिंगची मदत झाली.” तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. त्याच्या दृष्टीने हे खरंच होतं. तो दोन संध्याकाळी त्या फंक्शनवर बसला होता, ४०९ हा आकडा स्क्रीनवर पहिल्यांदा त्यानेच पाहिला होता. गिटच्या नोंदीही त्याच्याच बाजूने होत्या. `git shortlog -sn` चालवलं तर त्या कामाच्या सगळ्या कमिटवर त्याचं एकट्याचं नाव होतं.

मी त्याला विचारलं, “तू ते फंक्शन उघडून बसलास, ते कशावरून? पूर्ण बिलिंगमध्ये शेकडो फंक्शन्स आहेत. यातच चूक आहे हे तुला कोणी सांगितलं?”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ताईंच्या शीटवरून.”

ताई म्हणजे आमच्या सपोर्टच्या. संस्थांचे फोन त्याच घेतात. त्यांनी वेगवेगळ्या संस्थांकडून पावत्यांचे फोटो मागवले होते आणि एक शीट केली होती: तारीख, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, पावतीवरचा दर, बिलातला दर. मग ज्या ओळींमध्ये दर वेगळा होता तेवढ्या वर घेतल्या. सगळ्या ओळींत एकतर फॅट ४.१ किंवा ४.६ होतं, नाहीतर एसएनएफ ८.२ किंवा ८.७. ती शीट पाहिल्यावर कुठलाही अनुभवी डेव्हलपर दर काढण्याच्या फंक्शनकडेच गेला असता. म्हणजे शोधाचे दोन टप्पे होते. चूक कुठल्या आकड्यांवर होते हे ताईंनी दाखवलं, आणि त्या आकड्यांवर का होते हे मुलाने. पहिल्या मसुद्यात हे दोन्ही त्याच्या नावावर जमा झालं होतं, आणि ताईंच्या वाट्याला ‘मदत’ आली होती.

‘मदत झाली’ या दोन शब्दांचा मला फार राग आहे. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. पावत्या गोळा करून नमुना शोधून काढणं हीही मदत, आणि चहा सांगणं हीही मदत. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्या कामाचं क्रियापद लिहिलं नाही, तर नाव घेऊनही श्रेय दिलं जात नाही.

दुसरा मसुदा त्याने तिथेच बसून लिहिला आणि तो उलट्या टोकाला गेला: “हे सगळ्यांनी मिळून केलं. मी फक्त एक ओळ बदलली.” हाही मला मान्य नव्हता. तो नम्रपणे लिहिला होता, पण चुकीचा होता. एक ओळ बदलली हे दुरुस्तीपुरतं खरं. मागच्या बिलांचा फरक काढणारी स्क्रिप्ट अख्खी त्याने लिहिली होती. तारखेनुसार दरपत्रक लावणं, हाताने झालेल्या दुरुस्त्या वगळणं, आधी संस्थावार बेरजांची फाइल काढून संघाच्या हिशोबनीसांची मान्यता घेणं आणि मगच नोंदी टाकणं, हा सगळा क्रम त्याने बसवला होता. टीममध्ये दुसऱ्या कोणालाही ती स्क्रिप्ट आतून माहीत नव्हती.

वरिष्ठ माणूस हा प्रश्न का विचारतो, याचा विचार इथे करावा लागतो. कोणाला शाबासकी द्यायची हे त्यातलं एक कारण. दुसरं, पुढे यात काही बिघडलं तर कोणाला बोलवायचं. तिसरं, असंच पुढचं काम कोणाच्या हाती द्यायचं. ‘मी फक्त एक ओळ बदलली’ असं वाचलेला माणूस स्क्रिप्टबद्दल प्रश्न आला की चुकीच्या माणसाला फोन करील. आपलं काम कमी करून सांगितल्यावरही वरिष्ठांना चुकीचीच माहिती मिळते, आणि त्याची किंमत ज्याला चुकीचा फोन येतो त्याला मोजावी लागते.

मग कामाची मांडणी केली

आम्ही माणसांची नावं बाजूला ठेवली आणि आधी फक्त कामं लिहिली, ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने. फरक आहे हे कोणाच्या लक्षात आलं. तो राउंडिंगचा नाही हे कोणी ओळखलं. कुठल्या आकड्यांवर होतो हे कोणी दाखवलं. कारण कोणी सिद्ध केलं. दुरुस्ती कोणी लिहिली. दुरुस्ती सगळीकडे बरोबर चालते हे कसं तपासलं आणि कोणी. मागचा फरक कोणी काढला आणि तो बरोबर आहे हे कोणी पाहिलं. मग प्रत्येक कामापुढे नाव घालायला घेतलं.

हे उलट्या क्रमाने केलं की, म्हणजे आधी माणसं आणि मग त्यांची कामं, तर जो आपल्या शेजारी बसतो तो आठवतो आणि बाकीचे राहतात. कामांच्या यादीत मात्र रिकामी जागा लगेच डोळ्यांत येते. ‘राउंडिंगचा नाही हे कोणी ओळखलं’ याच्यापुढे आम्ही दोघेही अडलो.

तिकिटावरच्या जुन्या कॉमेंट वाचल्या तेव्हा उत्तर मिळालं. तेव्हा टीममध्ये एक अनुभवी दादा होते, नंतर ते दुसऱ्या प्रकल्पावर गेले. त्यांनी तिकिटावर एकच वाक्य लिहिलं होतं: राउंडिंगचा फरक कधी इकडे कधी तिकडे जातो, हा सगळा कमीकडेच जातोय, म्हणून हे राउंडिंग नसावं. त्यानंतरच ताईंनी पावत्या मागवायला सुरुवात केली होती. दादांनी त्या प्रकरणात पुढे काहीही केलं नाही. त्यांचा वेळ मोजला तर पाच मिनिटं भरली नसती. पण त्या वाक्याआधी सगळेजण तक्रारी बंद करत होते आणि त्या वाक्यानंतर शोधाला सुरुवात झाली. तासांवर श्रेय मोजायचं ठरवलं तर असं वाक्य नेहमी गळून पडतं, आणि माणूस टीममधून गेलेला असेल तर हमखास. म्हणून मी मुलाला सांगितलं, की यादीत दादांचं नाव यायला हवं, आणि ते जितकं केलं तितकंच लिहून यायला हवं.

पाठवण्याआधी ज्यांची नावं आहेत त्यांना दाखवलं

या पायरीवर मी अडून बसले. दुसऱ्याच्या कामाबद्दल आपण वरिष्ठांना लेखी सांगणार असू, तर त्या माणसाने ते आधी वाचलेलं असावं. त्यात दोन गोष्टी होतात: राहिलेलं कळतं आणि जास्त दिलेलंही कळतं. इथे दोन्ही झालं.

मुलाने ताईंना त्यांची ओळ वाचून दाखवली. “४.१ आणि ४.६ चा नमुना ताईंनी ओळखला.” ताई लगेच म्हणाल्या, “अरे, ४.१ चं मला कुठे कळलं होतं? ते एका संस्थेच्या सचिवांनी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ताई, चारचा एक लागला की आमच्या माणसाला मार बसतोच, बघा तुम्ही. ते ऐकून मी फॅटचा कॉलम घातला. नाहीतर मी नुसते दर लिहीत होते. ४.६ आणि एसएनएफचं मग शीटमध्ये दिसलं.”

म्हणजे पहिला धागा टीमच्या बाहेरून आला होता, ज्याच्या हातात रोज पावत्या असतात त्या माणसाकडून. सचिवांचं नाव यादीत आलं. यामुळे ताईंचं काम कमी झालं असं मला वाटत नाही. एका माणसाचं निरीक्षण बऱ्याच संस्थांच्या पावत्यांवर ताडून पाहणं आणि त्याला न दिसलेले आणखी तीन आकडे शोधणं हे काम ताईंचंच होतं, आणि आता ते नेमकं लिहिता येत होतं.

टेस्टिंगच्या मॅडमची ओळ होती: “पूर्ण दरपत्रकाची चाचणी त्यांनी लिहिली.” दुरुस्तीनंतर दरपत्रकातला प्रत्येक फॅट आणि प्रत्येक एसएनएफ जुन्या आणि नव्या दोन्ही फंक्शनमधून काढून पाहिला होता. जिथे फरक असेल असं माहीत आहे तिथेच तो यावा, इतरत्र कुठेही नको, अशी ती चाचणी होती. मॅडम म्हणाल्या, “मी लिहिली नाही. चार आकडे तपासून थांबू नका, अख्खा तक्ता चालवा, एवढं मी सांगितलं. कोड त्याचा आहे. माझं काम वेगळं होतं, एका संस्थेच्या खतावणीवरून मी फरकाचा हिशोब हाताने जुळवून पाहिला. ते लिहा.” हे हाताने जुळवणं मुलाच्या मसुद्यात नव्हतंच. त्याला ते माहीत होतं, पण संगणकावर झालं नसल्यामुळे ते काम म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

मॅडमनी नको असलेलं श्रेय परत केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. न केलेल्या कामाचं श्रेय माणसाला अडचणीत आणतं. उद्या साहेबांनी मॅडमना त्या चाचणीत एक नवा तक्ता घालायला सांगितलं असतं, तर त्यांना सगळ्यांसमोर ‘ती माझी नाही’ म्हणावं लागलं असतं. तेव्हा मुलाच्या चिठ्ठीवरचा विश्वास उडाला असता, दिलदारपणाने लिहिली असली तरी.

पाठवलेलं उत्तर

मूळ मेल इंग्रजीत होती. मजकूर असा होता:

“४.१ फॅटला दर कमी लागतो, हे पहिल्यांदा एका संस्थेच्या सचिवांनी फोनवर सांगितलं. त्याआधी, फरक एकाच बाजूला जातोय म्हणजे तो राउंडिंगचा नाही, हे आपल्या जुन्या सहकाऱ्यांनी तिकिटावर लिहिलं होतं. त्यावरून शोध सुरू झाला. सपोर्टच्या ताईंनी संस्थांच्या पावत्या गोळा करून शीट केली आणि चूक ४.१, ४.६ फॅट आणि ८.२, ८.७ एसएनएफवरच होते हे दाखवलं.

त्या शीटवरून मी कारण शोधलं आणि दुरुस्ती लिहिली. अख्खा तक्ता चालवून पाहण्याची सूचना टेस्टिंगच्या मॅडमची, चाचणीचा कोड माझा. मागच्या बिलांचा फरक काढणारी स्क्रिप्ट पूर्ण मी लिहिली आहे, तिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारावं. एका संस्थेचा फरक मॅडमनी खतावणीवरून हाताने जुळवला. बाकी संस्थांचा हाताने जुळवलेला नाही.”

मेलमध्ये अर्थातच सगळ्यांची नावं होती. शेवटचं वाक्य मुलाने स्वतःहून घातलं आणि मला ते फार आवडलं. जे कोणीच केलेलं नाही तेही ‘कोणी काय केलं’ याच उत्तराचा भाग असतं. ते वाक्य नसतं तर साहेबांचा समज झाला असता की सगळ्याच संस्थांचं जुळवून झालं आहे.

स्वतःबद्दलची वाक्यं बघा. ‘मी कारण शोधलं’, ‘पूर्ण मी लिहिली आहे’. त्यात ‘थोडंफार’, ‘जमेल तसं’ असं काही नाही. दुसऱ्यांची कामं नेमकी लिहिलेली असली की आपलं कामही ठामपणे लिहायला संकोच वाटत नाही.

साहेबांचे दोन अवघड प्रश्न

मेल वाचून साहेबांनी आम्हाला बोलावलं. पहिला प्रश्न, “टक्क्यांत सांग, तुझं किती?” मुलाने टक्के दिले नाहीत. तो म्हणाला, “सर, टक्के मला सांगता येणार नाहीत. पण कोण नसतं तर काय झालं असतं ते सांगतो. ताईंची शीट नसती तर मी अजून कोड वाचत बसलो असतो. मी नसतो तर दुरुस्ती दुसऱ्या कोणीही केली असती, पण मागच्या फरकाची स्क्रिप्ट व्हायला बराच उशीर झाला असता.” साहेबांनी पुन्हा टक्के मागितले नाहीत. या कामात टक्के काढणं शक्यच नव्हतं. पाच मिनिटांचं एक वाक्य आणि आठवडाभराची स्क्रिप्ट एका मापात बसत नाहीत. कोणी आकडा दिलाच तर तो आकडा सांगणाऱ्याच्या मनातला असतो, कामाचा नसतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: “मुळात ही चुकीची ओळ कोणी लिहिली?” `git blame` मध्ये त्या ओळीपुढे एका अशा सहकाऱ्याचं नाव येत होतं, ज्याने फक्त सगळ्या फाइल्सचं फॉरमॅटिंग एकसारखं केलं होतं. लांब ओळी तुटून पुन्हा मांडल्या गेल्या आणि शेकडो ओळी त्याच्या नावावर गेल्या. हे आम्ही आधीच पाहून ठेवलं होतं. ती रचना मुळात कधी आली हे शोधायला अशी आज्ञा वापरली:

```
git log -S'* 100' -- rate.py
```

यात तो मजकूर ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढ्याच दिसतात. ओळ पहिल्या आवृत्तीपासूनची निघाली. मुलाने सांगितलं, “सर, ब्लेममध्ये दिसणारं नाव फॉरमॅटिंगमुळे आहे, ते त्यांचं काम नाही. ओळ पहिल्या आवृत्तीपासूनची आहे. यंत्रं पुढे दोन दशांश देऊ लागली तर म्हणून १०० ने गुणलं होतं. ते गुणल्यावर आकडा किंचित कमी येऊ शकतो, हे नंतरच्या कुठल्याच रिव्ह्यूमध्ये आपल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.” हे उत्तर पूर्ण आहे. त्यात कोणाला पाठीशी घातलेलं नाही आणि कोणाला पुढेही केलेलं नाही. साहेबांनी नाव विचारलंच असतं तर तो सांगणार होता, कारण नोंद सगळ्यांसमोर आहे. पण चुकीबद्दल नाव सांगताना पुरावा श्रेयाच्या वेळेपेक्षा जास्त तपासून घ्यावा, असं माझं मत आहे. श्रेय चुकून दुसऱ्याला गेलं तर ते परत करता येतं, जसं मॅडमनी केलं. दोष चुकून लागला की तो माणूस खोलीत नसतानाच लागलेला असतो.

हे सगळं लेखी उत्तर मागितल्यामुळे जमलं. मीटिंगमध्ये अचानक प्रश्न येतो तेव्हा यादी करायला वेळ नसतो. त्या वेळी आपला भाग एका वाक्यात सांगावा आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे वळावं: “आकडे कसे सापडले ते ताई सांगतील.” मग ताई स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि पुढचा प्रश्नही त्यांनाच विचारला जातो. आठवत नसेल तिथे “हे नक्की कोणी केलं ते विचारून सांगते” म्हणावं आणि त्याच दिवशी सांगावं. अंदाजाने घेतलेलं नाव मीटिंगच्या इतिवृत्तात जाऊन बसतं आणि मग ते हलत नाही.

पुढे काय बदललं

संघाच्या कार्यालयात हे काम सादर करायला साहेब ताईंना बरोबर घेऊन गेले. त्या सचिवांचं नाव तिथे घेतलं गेलं. नंतर काही संस्थांनी फरकाच्या रकमेबद्दल शंका काढल्या, त्यातला एक सभासद दोन संस्थांमध्ये दूध घालणारा होता. तो फोन थेट मुलाकडे आला, कारण मेलमध्ये लिहिलेलं होतं की स्क्रिप्टबद्दल कोणाला विचारायचं.

टीममध्ये आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. कोड लिहिताना शेजारी बसून कोणी विचार पुरवला असेल तर कमिटच्या शेवटी `Co-authored-by:` ही ओळ त्या माणसाच्या नाव-मेलसह घालायची. `git merge --squash` करताना गिट मूळ कमिटची नावं मसुद्याच्या संदेशात आणून देतं, बरेच जण ती पुसून टाकतात. ती पुसायची नाहीत. मोजताना `Co-authored-by:` च्या ओळींतली नावंही धरायची असतील तर अशी आज्ञा लागते:

```
git shortlog -sn --group=author --group=trailer:co-authored-by
```

पण ताई आणि मॅडम गिटमध्ये येतच नाहीत, सचिव तर नाहीतच. म्हणून दुसरी गोष्ट: तिकीट बंद करताना शेवटच्या कॉमेंटमध्ये ‘कसं सापडलं, कोणाकडून’ एवढं लिहायचं. यात सगळं येत नाही. फोनवर झालेलं बोलणं कोणी त्याच दिवशी लिहून ठेवलं तरच राहतं.

वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये ‘प्रमुख कामगिरी’ असा एकच रकाना असतो आणि तो प्रत्येकाने स्वतःपुरता भरायचा असतो. मुलाने लिहिलं: दरातल्या चुकीचं कारण शोधलं, दुरुस्ती केली, मागच्या बिलांच्या फरकाची पूर्ण स्क्रिप्ट लिहिली, सुरुवातीचा नमुना सपोर्टकडून मिळाला. ताईंनी आपल्या फॉर्ममध्ये लिहिलं: पावत्या गोळा करून चुकीचे चार आकडे दाखवले, कारण आणि दुरुस्ती डेव्हलपरची. दोघांनी फॉर्म वेगवेगळ्या दिवशी भरले होते. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि त्यावर माझ्याकडे एकही प्रश्न आला नाही.